वीस महिन्यांच्या मुलीसाठी पाच अक्षरांची स्पॅनिश अंगाई

प्रश्न : आम्ही माद्रिदमध्ये राहतो. मुलगी वीस महिन्यांची आहे. तिच्यासाठी मला स्वतः एक साधी, यमक असलेली, तेच शब्द पुन्हा पुन्हा येणारी स्पॅनिश अंगाई रचायची आहे. स्पॅनिश मला कामापुरते येते. ‘द्वेर्मेते, मी पेकेन्या प्रिन्थेसा, थ्येर्रा तुस ओखीतोस’ अशी सुरुवात केली, पण म्हणताना अडखळायला होते आणि मुलगीही त्यातले काही उचलत नाही. कुठे चुकते आहे?

उत्तर :

तुमच्या ओळींचा अर्थ गोड आहे आणि व्याकरणही बरोबर आहे. ‘झोप, माझ्या छोट्या राजकन्ये, डोळे मिट’ असे कोणतीही स्पॅनिश आई म्हणेल. अडचण आहे ती ओळींच्या मापात आणि ध्वनींत. पहिली ओळ मोजून पाहा : द्वेर-मे-ते-मी-पे-के-न्या-प्रिन-थे-सा, म्हणजे दहा अक्षरे. दुसरी थ्ये-र्रा-तुस-ओ-खी-तोस, म्हणजे सहा. एक ओळ दहाची आणि लगेच पुढची सहाची असेल, तर झुलवणाऱ्या हाताला लय सापडत नाही. ओळींचे शेवटही जुळत नाहीत, कारण एकीत ‘ए-आ’ हे स्वर येतात आणि दुसरीत ‘ई-ओ’. त्याखेरीज मुलाच्या तोंडाला जड जाणारे जवळजवळ सगळे ध्वनी या दोन ओळींत एकत्र आले आहेत. ‘प्रिन्थेसा’मधले जोडाक्षर, माद्रिदच्या उच्चारातला जीभ दातांशी नेऊन काढायचा ‘थ’, ‘थ्येर्रा’मधला घोळवलेला ‘र्र’ आणि ‘ओखीतोस’मधला घशातला ‘ख’ हे ते ध्वनी होत. घोळवलेला ‘र्र’ तर स्पेनमधली मुलेही सर्वांत शेवटी शिकतात आणि अनेकांना तो चार-पाच वर्षांची होईपर्यंत साधत नाही.

म्हणून या ओळी दुरुस्त करण्यापेक्षा नवे माप घेणे मला अधिक योग्य वाटते. दोन-अडीच वर्षांच्या आतील मुलांसाठी रचताना मी प्रत्येक ओळ पाच अक्षरांची ठेवते आणि पहिल्या व चौथ्या अक्षरावर आघात देते. स्पेनच्या लोकगीतांत सात आणि पाच अक्षरांच्या ओळी आलटून पालटून येणारा ‘सेगिदिया’ हा बंध फार जुना आहे आणि अनेक अंगाया त्यातच आहेत. तरीही ज्याला भाषा कामापुरतीच येते त्याच्यासाठी सगळ्या ओळी समान असणे सोयीचे पडते. या मापात बसणारी अंगाई पुढे देत आहे. ती जशी म्हणायची तशीच लिहिली आहे, म्हणजे दोन शब्दांचे स्वर जिथे एकत्र होतात तिथे ते शब्द जोडूनच ठेवले आहेत.

नाना, ला नाना,
नाना, ला लूना,
द्वेर्मे, मि नीन्या,
द्वेर्मेन ला कूना.

द्वेर्मे ला पाता,
द्वेर्मे ला गाता,
द्वेर्मे, मि नीन्या,
नाना, ला नाना.

द्वेर्मेल पातीतो,
द्वेर्मेलोसीतो,
द्वेर्मे, मि नीन्या,
द्वेर्मेउम पोकीतो.

अर्थ असा : अंगाई गं अंगाई, अंगाई आणि चांदोबा, झोप माझ्या बाळे, पाळण्यात झोप. बदकीण झोपली, मनी झोपली, झोप माझ्या बाळे, अंगाई गं अंगाई. बदकाचे पिल्लू झोपले, छोटे अस्वल झोपले, झोप माझ्या बाळे, थोडीशी झोप. तिसऱ्या कडव्यानंतर पुन्हा पहिले कडवे म्हणावे.

या रचनेचा सारा भार ‘द्वेर्मे’ या एका शब्दावर आहे. स्पॅनिशमध्ये ‘तू झोप’ ही आज्ञा आणि ‘ती झोपते’ हे विधान या दोन्हींसाठी या क्रियापदाचे रूप एकच असते. म्हणून मनीविषयी सांगताना आणि मुलीला सांगताना शब्द बदलावा लागत नाही, केवळ त्याच्या पुढचे नाम बदलते. एरवी ज्याला कंटाळवाणी पुनरुक्ती म्हटले असते तीच इथे अर्थाने भरते, कारण मनी झोपते, बदकीण झोपते आणि त्याच ओघात मुलीलाही झोप म्हटले जाते. तुमच्या ओळीतला ‘द्वेर्मेते’ हा शब्द चुकीचा नाही. पारंपरिक अंगायांत तोच अधिक येतो. परंतु त्याचा आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर आहे आणि तो फक्त आज्ञेसाठी चालतो, त्यामुळे ‘मनी झोपते’ असे सांगायला त्याचा उपयोग होत नाही.

‘द्वेर्मेते’ने सुरू होणारी जी जुनी अंगाई तुमच्या शेजारणी म्हणतील, तिच्यात न झोपणाऱ्या मुलाला खाऊन टाकणारा ‘कोको’ येतो. मराठीतल्या बागुलबुवाचा हा स्पॅनिश भाऊबंद फार जुना आहे. गोयाने 1799 साली प्रसिद्ध केलेल्या चित्रमालेत ‘कोको आला’ या शीर्षकाचे एक चित्र आहे आणि त्यात घाबरलेली मुले आईला बिलगलेली दिसतात. ती परंपरा मुलीच्या कानावर पडेलच आणि त्यात काही बिघडत नाही. पण जी अंगाई आपण स्वतः रचतो तिच्यात भीती आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता लय पाहू. प्रत्येक ओळीत पहिल्या आणि चौथ्या अक्षरावर जोर येतो : ना-ना-ला-ना-ना, द्वेर-मे-मि-नी-न्या, द्वेर-मेन-ला-कू-ना. आपल्या परिचयाच्या दादऱ्यात हे अगदी सरळ बसते. दादऱ्याच्या सहा मात्रांचे तीन-तीनचे दोन भाग असतात. पहिल्या तीन मात्रांवर पहिली तीन अक्षरे घ्यावीत, चौथे अक्षर चौथ्या मात्रेवर घेऊन पाचवीपर्यंत लांबवावे आणि शेवटचे अक्षर सहाव्या मात्रेवर हलकेच सोडावे. पाळणा एका बाजूला जाताना पहिला भाग आणि परत येताना दुसरा भाग म्हटला, की ओळ आणि झोका एकत्र पूर्ण होतात. तीन मात्रांना साधारण एक सेकंद, शेवटच्या फेरीत दीड सेकंद, एवढी गती पुरेशी आहे. माप साधले की नाही हे पाहण्यासाठी ओळ म्हणताना मांडीवर जोराच्या अक्षराला थाप द्यावी. प्रत्येक ओळीत दोनच थापा पडायला हव्यात. तिसरी थाप द्यावीशी वाटली तर कुठेतरी एक अक्षर वाढलेले असते.

अक्षर बहुधा कुठे वाढते, तर दोन स्वर शेजारी आले की. स्पॅनिशमध्ये एका शब्दाच्या शेवटी आणि पुढच्या शब्दाच्या आरंभी स्वर असतील तर बोलताना आणि गाताना ते एकाच अक्षरात मिसळतात. ‘द्वेर्मे एन ला कूना’ हे कागदावर सहा अक्षरांचे दिसते, पण तोंडात ते ‘द्वेर-मेन-ला-कू-ना’ असे पाचच होते. मराठीभाषक ‘द्वेर्मे’ आणि ‘एन’ यांच्यामध्ये किंचित थांबतो आणि ओळ लंगडते. म्हणूनच वर मी ते शब्द जोडून लिहिले. ‘द्वेर्मे एल ओसीतो’ हे तर ‘द्वेर-मे-लो-सी-तो’ असे एकसलग वाहते. ‘उन पोकीतो’मधला ‘न’ पुढच्या ‘प’मुळे आपोआप ‘म’कडे झुकतो, तो तसा झुकू द्यावा.

यमकाच्या बाबतीत स्पॅनिश लोकगीत मराठीपेक्षा सैल आहे, आणि नवख्याला ही मोठी सवलत आहे. आपण ‘यमक जुळले’ असे म्हणण्यासाठी शेवटची व्यंजनेही जुळावीत अशी अपेक्षा धरतो. तिथे शेवटच्या आघातापासून पुढचे स्वर जुळले तरी पुरते. ‘लूना’ आणि ‘कूना’ यांचे यमक पूर्ण आहे, आणि चंद्र-पाळण्याची ही जोडी स्पॅनिश अंगायांत इतक्या वेळा आली आहे की मुलीला ती पुढेही भेटत राहील. ‘पाता’ आणि ‘गाता’ यांचेही यमक पूर्ण आहे, पण ‘गाता’ आणि ‘नाना’ यांच्यात केवळ ‘आ-आ’ हे स्वर जुळतात. स्पॅनिश कानाला तेवढे पुरेसे वाटते. प्रत्येक कडव्याची तिसरी ओळ मी मुद्दाम यमकाबाहेर ठेवली आहे. त्यामुळे ‘नीन्या’च्या जागी मुलासाठी ‘नीन्यो’ घातले तरी कडवे बिघडत नाही. तिथे मुलीचे नावही घालता येईल, मात्र ते दोन अक्षरांचे, पहिल्या अक्षरावर जोर असलेले आणि व्यंजनाने सुरू होणारे असावे. ‘द्वेर्मे, मि मीरा’ हे बरोबर बसते. नाव स्वराने सुरू होत असेल तर ‘मि’मधील ‘इ’ त्यात मिसळून एक अक्षर कमी होते. अशा वेळी ‘मि’नंतर जाणीवपूर्वक सूक्ष्म विराम घ्यावा.

उच्चारांच्या बाबतीत मराठी बोलणाऱ्यांना जन्मतःच काही गोष्टी मिळालेल्या आहेत. स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, म्हणजे आपलेच ‘त’ आणि ‘द’. ‘प’ आणि ‘क’सुद्धा आपल्यासारखेच हकाराशिवाय येतात. इंग्रजीतून स्पॅनिशकडे आलेल्यांना हे घोटून घ्यावे लागते. दोन स्वरांमध्ये ‘द’ आणि ‘ग’ स्पेनमध्ये मऊ होतात. ‘ला गाता’मधला ‘ग’ जवळजवळ वितळतो. पण तुम्ही तो आपल्यासारखा पूर्ण उच्चारलात तरी अर्थाला बाधा येत नाही. लक्ष द्यावे लागते ते स्वरांकडे. स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घ हा भेद अर्थ बदलत नाही आणि शब्दाचा शेवटचा स्वर ओढला जात नाही. आपण मात्र शेवटचा स्वर सहज लांबवतो, आणि मग ‘लूना’चे ‘लुनाऽ’ होऊन जोर चुकीच्या जागी पडतो. ‘लू’वर रेंगाळावे आणि ‘ना’ लगेच सोडावा. ‘नीन्या’मध्येही ‘नीन्-न्या’ असे द्वित्त होऊ देऊ नये. ‘नी’ संपल्यावर पुढचा अनुनासिक ‘या’सह एकदम, एकच ध्वनी म्हणून यावा. ‘द्वेर्मे’मधला ‘र’ जिभेच्या एकाच हलक्या स्पर्शाचा आहे, घोळवायचा नाही.

तुमची मुलगी यातले काय उचलेल हेही सांगता येते. ओठ मिटून निघणारे ‘म’ आणि ‘प’ तसेच ‘न’ आणि ‘त’ हे मुलांच्या तोंडी लवकर येतात. म्हणून ‘नाना’, ‘पाता’ आणि ‘लूना’चे शेवटचे ‘ना’ आधी ऐकू येतील. ‘द्वेर्मे’ बहुधा ‘देमे’ किंवा नुसता ‘मे’ असा येईल आणि ‘ओसीतो’चा ‘स’ गळेल किंवा त्याचा ‘त’ होईल. या वयात हे अपेक्षितच आहे. ते दुरुस्त करून घेऊ नये. पुढच्या फेरीत आपण पूर्ण शब्द नीट म्हणावा, एवढेच करावे.

चाल हवी असल्यास स्पेनच्या दक्षिणेकडील, अंदालुसियातील अंगायांचा एक गुण आपल्या कामी येतो. त्यांतल्या अनेक ज्या स्वरसप्तकात आहेत ते भैरवी थाटाशी जुळते आणि त्यांची चाल ‘म’वरून कोमल ‘ग’, कोमल ‘रे’ आणि ‘सा’ अशी खाली उतरते. तेवढ्या चार स्वरांत आपली अंगाई बसते. ग आणि रे कोमल धरून चाल अशी होईल : पहिली ओळ ‘म म म, म – ग’, दुसरी ‘ग ग ग, ग – रे’, तिसरी ‘ग ग ग, म – ग’ आणि चौथी ‘रे रे रे, रे – सा’. तिसऱ्या ओळीत, म्हणजे मुलीला हाक मारताना, चाल किंचित वर जाते आणि चौथीत विसावते. ही चाल उदास वाटेल. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी 1928 साली माद्रिदमध्ये अंगायांवर व्याख्यान दिले होते. मुलांना झोपवण्यासाठी स्पेनने आपल्या सर्वांत खिन्न चाली वापरल्या, असे निरीक्षण त्यांनी त्यात मांडले. तेव्हा ही खिन्नता तिथल्या परंपरेला धरूनच आहे. चाल आपल्या बोलण्याच्या पट्टीपेक्षा उंच घेऊ नये, नाहीतर शेवटच्या फेरीत आवाज हळू करता येत नाही.

पहिले काही दिवस ही अंगाई रात्री न म्हणता दिवसा म्हणावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. दिवसा खेळण्यातले बदक, मांजर आणि अस्वल एकेक करून फडक्याखाली ठेवावे आणि ज्याला झाकले त्याची ओळ म्हणावी. एका वेळी एकच कडवे घ्यावे आणि ते सलग तीन-चार वेळा म्हणावे. कडवे ओळखीचे झाले की ‘द्वेर्मे ला गा...’ एवढेच म्हणून थांबावे आणि तिच्याकडे पाहावे. तिने ‘ता’ म्हटले, नुसती मान हलवली किंवा मांजरीकडे बोट दाखवले, तरी शब्द पोहोचला असे समजावे. दोन-तीन दिवस असे थांबूनही काहीच प्रतिसाद आला नाही तर बहुधा आपण फार जलद म्हणत असतो किंवा एका वेळी फार कडवी घेत असतो. गती कमी करावी आणि पहिल्या कडव्यावर परतावे. रात्री मात्र हे थांबणे, बोट दाखवणे आणि खेळणी सगळे बंद ठेवावे, कारण प्रश्नामुळे मूल जागे होते. रात्रीचा क्रम तीन कडवी, मग पुन्हा पहिले, मग केवळ ‘नाना, ला नाना’ ही ओळ दर फेरीला हळू करत, असा असावा. मराठी अंगाई म्हणत असाल तर ती कमी करू नये. दुपारच्या झोपेला एक आणि रात्री दुसरी अशी वाटणी केली, तर दोन्हींची सवय स्वतंत्रपणे लागते.

पुढे स्वतः कडवी वाढवताना एक नियम लक्षात ठेवावा लागेल. ‘ला’ लागणारी स्त्रीलिंगी नावे दोन अक्षरांची हवीत आणि ‘एल’ लागणारी पुल्लिंगी नावे तीन अक्षरांची हवीत. कारण ‘एल’चा स्वर ‘द्वेर्मे’त मिसळून जातो आणि ओळ एका अक्षराने आखूड होते. ‘द्वेर्मेल पातो’ ही ओळ चारच अक्षरांची भरते, म्हणून तिथे ‘पातीतो’ हे लाडाचे रूप घेतले. उलट ‘द्वेर्मे ला गातीता’ ही सहा अक्षरांची होते, म्हणून तिथे साधी ‘गाता’च बरी. या हिशेबाने ‘बाका’, म्हणजे गाय, दुसऱ्या कडव्यात ‘पाता’च्या जागी बिनधोक घालता येईल. ‘ओसा’, म्हणजे अस्वलीण, बसणार नाही, कारण ‘ला’ आणि ‘ओ’ एकत्र होतात. ‘राना’, म्हणजे बेडकी, मापात बसते, पण शब्दाच्या आरंभीचा ‘र’ स्पॅनिशमध्ये नेहमी घोळवलेला असतो, म्हणून ती आणखी दोन-तीन वर्षे बाहेरच ठेवावी. समुद्रातल्या सीलसाठी ‘फोका’ घ्यायची असेल, तर तिच्याशी जुळणारी शेवटची ओळ ‘द्वेर्मे तु बोका’, म्हणजे ‘तुझे तोंड झोपते’, अशी करता येईल.

माकडिणीसाठीचा ‘मोना’ हा शब्द मापात, ध्वनीत आणि यमकात सर्वार्थाने सोपा आहे, आणि नवशिक्यांना तो हमखास सुचतो. परंतु स्पेनमध्ये ‘दोर्मीर ला मोना’ हा दारूची धुंदी उतरेपर्यंत झोपण्यासाठीचा रूढ वाक्प्रयोग आहे, त्यामुळे ‘द्वेर्मे ला मोना’ ही ओळ पाळणाघरातल्या बाईंना वेगळीच ऐकू येईल. नवी ओळ तयार झाली की मुलीला शिकवण्यापूर्वी ती एखाद्या स्पॅनिश शेजारणीला म्हणून दाखवावी.